साडेसात टक्क्यांचा हिशेब

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतल्या कुठल्याही मुलाचं प्रात्यक्षिकाचं जर्नल घ्या आणि उष्णतेच्या प्रयोगाचं शेवटचं पान काढा. ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘परिसरात उष्णता गेल्यामुळे व मानवी चुकांमुळे उत्तरात थोडी त्रुटी आली.’ वर्षानुवर्षं हे वाक्य एका जर्नलमधून दुसऱ्या जर्नलमध्ये उतरत आलं आहे. ते खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. उष्णता किती गेली, कुठल्या वाटेनं गेली आणि ती गेल्यामुळे उत्तर वाढायला हवं होतं की घटायला, यातलं एकही त्यात नाही. खरं तर या प्रयोगाचा सगळा रस याच प्रश्नांमध्ये आहे. म्हणून एक प्रयोग घेऊ आणि त्याचा निष्कर्ष कसा लिहायचा ते शेवटपर्यंत पाहू.

प्रयोग ओळखीचा आहे: मिश्रणाच्या पद्धतीनं तांब्याची विशिष्ट उष्मा धारकता काढणे. एक ग्रॅम तांब्याचं तापमान एक अंशानं वाढवायला किती उष्णता लागते, हे शोधायचं. तांब्याचा ठोकळा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत तो पाण्याइतका तापतो. मग तो चटकन उचलून कॅलरीमापीतल्या गार पाण्यात सोडतात. कॅलरीमापी म्हणजे तांब्याचं एक छोटं भांडं, भोवती नमदा किंवा कापूस, वर लाकडी झाकण, झाकणाच्या भोकांतून आत गेलेली तापमापी आणि ढवळणी. ठोकळा गार होतो, पाणी आणि भांडं गरम होतं. ठोकळ्यानं दिलेली उष्णता पाण्यानं आणि भांड्यानं मिळून घेतलेल्या उष्णतेइतकी धरायची, की समीकरणात एकच अज्ञात उरतं.

समजा, पुण्यातल्या एका मुलीनं हा प्रयोग केला. ठोकळा 200 ग्रॅमचा. कॅलरीमापी आणि ढवळणी मिळून 80 ग्रॅम, दोन्ही तांब्याची. पाणी 120 ग्रॅम. सुरुवातीला पाणी खोलीइतकंच, म्हणजे 26.0 अंश सेल्सिअस. उकळत्या पाण्यातल्या तापमापीनं 98.0 दाखवलं. ठोकळा सोडून ढवळल्यावर पारा चढत गेला आणि साधारण दोन मिनिटांनी 34.5 वर थांबला.

आता आकडेमोड. पाण्याला अंशामागे सुमारे 502 ज्यूल लागतात, भांड्याला आणि ढवळणीला सुमारे 31. दोन्ही मिळून 532 धरू. तापमान साडेआठ अंशांनी वाढलं, म्हणून त्यांनी घेतलेली उष्णता झाली जवळपास 4525 ज्यूल. ठोकळा 98 वरून 34.5 वर, म्हणजे साडेत्रेसष्ट अंश उतरला. 4525 ला 200 नं आणि मग 63.5 नं भागलं की उत्तर येतं 0.356 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. तांब्याची मान्य किंमत आहे 0.385.

शेकडा त्रुटी काढण्याची रीत सोपी आहे. प्रयोगातून आलेल्या किमतीतून मान्य किंमत वजा करा, आलेल्या फरकाला मान्य किमतीनं भागा आणि शंभरानं गुणा. इथे उत्तर येतं उणे साडेसात टक्के. यातला ‘उणे’ फार मोलाचा आहे, आणि जर्नलमध्ये नेमका तोच गाळला जातो. नुसतं ‘त्रुटी 7.5%’ असं लिहिलं की उत्तर वर गेलं की खाली, ही माहिती पुसली जाते. ती गेली की कारण शोधायचा धागाच हातातून सुटतो.

कारण प्रत्येक चुकीला दिशा असते. या प्रयोगात परिसरात गेलेली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पाणी कमी तापतं आणि ठोकळ्यानं दिलेली उष्णता कमी मोजली जाते. म्हणजे उष्णता बाहेर गेली तर उत्तर मान्य किमतीपेक्षा खालीच यायला हवं. मुलीचं उत्तर खाली आलं आहे, तेव्हा हे कारण निदान शक्य तरी आहे. उत्तर 0.41 आलं असतं तर ‘परिसरात उष्णता गेली’ हे स्पष्टीकरण सरळ चुकीचं ठरलं असतं. तरीही अशी जर्नलं असतात, ज्यांत उत्तर वर गेलेलं असतं आणि खाली तेच पाठ वाक्य लिहिलेलं असतं. उत्तर वर गेलं की कारणं वेगळी शोधायची: ठोकळ्याला चिकटून आलेलं उकळतं पाणी, ठोकळा पडताना बाहेर उडालेलं गार पाणी, किंवा पाण्याच्या वस्तुमानाची चुकीची नोंद. पाणी उडालं की भांड्यात ते प्रत्यक्षात कमी उरतं आणि म्हणून जास्त तापतं, पण समीकरणात आपण जुनंच वस्तुमान घालतो. म्हणून उत्तर फुगतं.

ही दिशेची कसोटी फक्त शाळा-कॉलेजापुरती नाही. जेम्स जूल यांनी पाण्यात वल्ही फिरवून, म्हणजे खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाणी घुसळून, किती कामाला किती उष्णता मिळते ते मोजलं. 1850 मध्ये त्यांनी दिलेला आकडा होता 772: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला 772 फूट-पौंड काम. आजचा आकडा 778 च्या आसपास आहे. जूल जवळपास पाऊण टक्क्यानं कमी पडले. इथे पहिला संशय उष्णता गळण्यावर जातो. पण विचार करा: उष्णता गळली असती तर पाणी कमी तापलं असतं, म्हणजे एका अंशामागे लागणारं काम जास्त भरलं असतं आणि आकडा 778 च्या वर गेला असता. तो खाली गेला आहे, म्हणजे दोष गळतीचा नव्हता. शिवाय जूल यांनी खोलीशी होणाऱ्या देवाणघेवाणीची दुरुस्ती काळजीपूर्वक केलेली होती. पुढे 1879 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांनी हा प्रयोग नव्यानं केला. जूल यांच्या पाऱ्याच्या तापमापीची तुलना त्यांनी हवेच्या तापमापीशी जुळवलेल्या आपल्या तापमापींशी केली, तेव्हा फरकाचा मोठा भाग तापमापीच्या मोजपट्टीत सापडला. ही दुरुस्ती केल्यावर दोघांचे आकडे बरेच जवळ आले. माझ्या मते त्रुटीचा विचार शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आता पुण्याच्या त्या ठोकळ्याकडे वळू. दिशा जुळली, आता रक्कम पाहायची. तांब्याची मान्य किंमत खरी धरली तर साडेत्रेसष्ट अंश उतरताना ठोकळ्यानं सुमारे 4890 ज्यूल दिले. पाण्यात आणि भांड्यात सापडले 4525. म्हणजे 365 ज्यूलचा पत्ता लागत नाही. निष्कर्षाचं काम म्हणजे हे 365 ज्यूल शोधणं, दुकानदार रात्री गल्ल्यातली तूट शोधतो तसं.

सगळ्यात आधी बोट जातं ते ठोकळा हवेतून नेण्याच्या वेळेवर. पाच सेकंद तो हवेत होता, म्हणून पुष्कळ उष्णता गेली असेल असं वाटतं. पण अंदाज करून पाहा. एवढ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही कमी असतो. खोलीपेक्षा बहात्तर अंश गरम असला तरी कोरडा ठोकळा हवेला सेकंदाला चारएक ज्यूल देतो. पाच सेकंदांत झाले वीस. ज्याला सगळे मुख्य आरोपी समजतात, त्याच्याकडे तुटीचा जेमतेम अठरावा हिस्सा निघतो.

खरी गोष्ट ठोकळ्याच्या ओलेपणात आहे. उकळत्या पाण्यातून वर काढलेल्या ठोकळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि तो वाटेत वाफ होऊन उडतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2260 ज्यूल लागतात. ती उष्णता बहुतांशी ठोकळ्यातूनच येते. फक्त 0.05 ग्रॅम पाणी, म्हणजे एखादा थेंब, उडालं तरी 110 ज्यूल गेले. ठोकळा पाण्यात पडेपर्यंत दीड अंशानं गार झालेला असतो आणि आपण मात्र तो 98 वरच आहे असं धरतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण पाच सेकंदांत ठोकळ्यातून वर जाणारी वाफ कुणी मोजत नाही. आणि गंमत अशी की जो थर उडत नाही, तो ठोकळ्याबरोबर कॅलरीमापीत उतरतो आणि उलट दिशेनं काम करतो: 0.1 ग्रॅम उकळतं पाणी पंचवीसएक ज्यूल जास्तीचे आणून टाकतं. ओला ठोकळा असा दोन्ही बाजूंनी घोळ घालतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत ठोकळा पाण्यात उकळत नाहीत. वाफेच्या आवरणातल्या कोरड्या नळीत, हायप्सोमीटरमध्ये, तो तापवतात आणि तिथून कोरडाच पाण्यात सोडतात.

तिसरी वाट कॅलरीमापीतूनच बाहेर जाते. पारा सर्वात वर जाईपर्यंत दोन मिनिटं गेली. त्या काळात भांडं खोलीपेक्षा गरम होतंच. किती गेलं ते कळायला एक साधी युक्ती आहे: पारा सर्वात वर पोचल्यावर प्रयोग थांबवू नका, आणखी पाच-सहा मिनिटं दर मिनिटाला तापमान लिहीत राहा. समजा, मिनिटाला 0.1 अंशानं ते उतरतंय. पाणी, भांडं आणि ठोकळा मिळून अंशामागे सुमारे 610 ज्यूल धरतात, म्हणजे मिनिटाला 61 ज्यूल बाहेर जात आहेत. पहिल्या दोन मिनिटांत भांडं अजून तापत असल्यामुळे गळती थोडी कमी. नव्वदच्या आसपास धरू. शिवाय तापमापीचा बुडालेला भाग आणि भांड्याला लागून असलेला नमद्याचा थर हेही तापतात. त्यांना समीकरणात जागाच नसते. त्यांचे अंदाजे चाळीस.

बेरीज करा: वीस, एकशे दहा, नव्वद, चाळीस, झाले 260. त्यातून चिकटून आलेल्या पाण्याचे पंचवीस वजा. सापडले 235. अजून 130 ज्यूल बाकी आहेत.

इथे बरेच जण नवं कारण हुडकायला लागतात. पण आधी तापमापीला विचारायला हवं. तिचं लघुतम माप 0.2 अंश असेल, तर प्रत्येक वाचनात 0.1 अंशाची शंका आहे. दोन वाचनांच्या फरकात वाईटात वाईट 0.2 अंश. साडेआठ अंशांत 0.2 म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडं जास्त, सुमारे 105 ज्यूल. उरलेल्या 130 पैकी बहुतेक या शंकेत सामावतात, आणि वाफेचा आपला अंदाज थोडा वाढला की बाकीचेही. त्यापलीकडे या उपकरणांनी काही सांगता येत नाही, आणि निष्कर्षात तसं लिहिणं हेच योग्य आहे.

आता तीच तापमापी एक-एक अंशाच्या खुणांची असती तर? बऱ्याच प्रयोगशाळांत तशीच मिळते. प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची शंका, फरकात एका अंशाची. साडेआठात एक म्हणजे जवळपास बारा टक्के. मग साडेसात टक्क्यांची सगळी तूट नुसत्या वाचनात बुडून जाते आणि ‘उष्णता गेली’ असं म्हणायला पुरावाच उरत नाही. शेकडा त्रुटीशेजारी वाचनाची मर्यादा मांडल्याशिवाय कारणांची चर्चा सुरूच करू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

याच्या जोडीला दोन चुका अशा आहेत, ज्या उष्णता गळण्याचा वेश घेऊन येतात. पहिली म्हणजे कॅलरीमापीचे स्वतःचे 31 ज्यूल विसरणं. ते गाळले की मुलीचं उत्तर 0.336 येतं आणि त्रुटी साडेसातवरून जवळपास तेरा टक्क्यांवर जाते. उष्णता कुठेच गेलेली नसते, ती भांड्यात असते. आपण तिला मोजलेलं नसतं. दुसरी चूक आपल्या महाराष्ट्राच्या भूगोलातून येते. पाठ्यपुस्तकात पाणी 100 अंशांना उकळतं, म्हणून पुष्कळ जण तापमापी न बघता 100 लिहितात. मुंबईत हे चालून जातं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे, तिथे पाणी 98 च्या आसपास उकळतं. हे दोन अंश चुकीचे घातले तर उत्तर आणखी तीन टक्क्यांनी खाली येतं. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांवरच उकळतं. तिथे 100 धरलं तर एवढ्या एका आकड्यानं सात टक्के जातात. मुलाच्या जर्नलात मात्र त्याचं नाव ‘परिसरात गेलेली उष्णता’ असं पडतं.

गळती शोधली की ती भरूनही काढता येते. उतरत्या तापमानाच्या नोंदी आलेखावर मांडा, ती रेषा मागे वाढवत ठोकळा सोडल्याच्या वेळेच्या जवळ न्या. गळती नसती तर पारा कुठे पोचला असता, ते तिथे वाचता येतं. आपल्या उदाहरणात ते 34.65 धरलं तर उत्तर 0.356 वरून 0.363 वर जातं आणि त्रुटी साडेपाच टक्क्यांवर येते. दुसरी युक्ती काउंट रमफर्ड यांच्या नावानं ओळखली जाते: पाणी सुरुवातीला खोलीपेक्षा जेवढं गार घ्याल, तेवढंच ते शेवटी खोलीपेक्षा गरम होऊ द्या. पहिल्या भागात खोलीकडून उष्णता आत येते, दुसऱ्यात बाहेर जाते, आणि दोन्ही बरंचसं एकमेकांना भागवतात. बरंचसं म्हणायचं कारण, पाणी सुरुवातीला झपाट्यानं तापतं आणि नंतर सावकाश, त्यामुळे ते खोलीपेक्षा गरम अवस्थेत जास्त वेळ असतं. कोकणात पावसाळ्यात हा उपाय जपून करावा. 26 अंशांच्या दमट खोलीत 21-22 अंशांचं भांडं ठेवलं की त्याच्या बाहेरून दव धरतं, आणि दव धरताना हवेतली वाफ आपली उष्णता भांड्याला देते. 0.1 ग्रॅम दव म्हणजे अडीचशेच्या आसपास ज्यूल. गळती भरून काढायला जावं आणि तेवढीच चोरवाट आत उघडावी, असं होतं.

आता त्या मुलीनं निष्कर्ष लिहिला तर तो साधारण असा असेल:

‘तांब्याची विशिष्ट उष्मा धारकता 0.356 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आली. मान्य किमतीपेक्षा ती 7.5 टक्क्यांनी कमी आहे. तापमानाच्या वाचनामुळे उत्तरात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता आहे, म्हणून ही त्रुटी केवळ वाचनाची नाही. उत्तर कमी येणं हे उष्णता पाण्यापर्यंत न पोचण्याशी सुसंगत आहे. थंड होण्याच्या नोंदींवरून कॅलरीमापीतून बाहेर गेलेल्या उष्णतेचा वाटा सुमारे दोन टक्के आहे आणि ती दुरुस्ती केल्यावर उत्तर 0.363 येतं. उरलेल्या फरकाचं सर्वात संभाव्य कारण ओल्या ठोकळ्यावरच्या पाण्याचं बाष्पीभवन हे आहे. ठोकळा कोरडा तापवून प्रयोग पुन्हा केल्यास हा अंदाज तपासता येईल.’

सहा-सात ओळी आहेत. यात ‘मानवी चूक’ हा शब्द नाही, कारण त्या नावाची कुठलीच चूक मोजता येत नाही. शेवटच्या वाक्यात तर पुढचा प्रयोगच दिला आहे: ठोकळा कोरडा तापवला आणि तरी त्रुटी तेवढीच राहिली, तर बाष्पीभवनाचं कारण खोटं ठरेल आणि हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

अनेक ठिकाणी मात्र याच्या उलट घडतं. मान्य किंमत आधीच माहीत असते, म्हणून मुलं 34.5 च्या जागी 35.1 लिहितात आणि त्रुटी नाहीशी करतात. अशा जर्नलाला पूर्ण गुण मिळतात, आणि 0.356 प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीचे कापले जातात. प्रात्यक्षिकाचे गुण देणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की उत्तर 0.385 च्या किती जवळ आलं यावर गुण देऊ नका. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारा: तू म्हणतोस तशी उष्णता बाहेर गेली असेल, तर उत्तर वाढायला हवं होतं की घटायला, आणि किती? जे मूल याचं उत्तर देऊ शकेल, त्याला त्या प्रयोगाचे पूर्ण गुण द्या.